वजनाने ठरणारी पहिली मात्रा

मुलांच्या जुनाट मलावरोधावर आज जगातील बहुतेक बालरोगतज्ज्ञ जी भुकटी प्रथम देतात, त्या पॉलिएथिलीन ग्लायकॉलची नित्याची मात्रा युरोप व उत्तर अमेरिका येथील बालपचनविकारतज्ज्ञांच्या दोन संस्थांनी २०१४ साली संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत नमूद केलेली आहे. मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे दररोज ०.४ ग्रॅम या मात्रेने आरंभ करावा आणि पुढे परिणाम पाहून ०.२ ते ०.८ ग्रॅमच्या दरम्यान ती खालीवर करावी, असे तीत म्हटले आहे. या विधानाचा पूर्वार्ध बहुतेक पालकांच्या चिठ्ठीवर उतरतो. उत्तरार्ध मात्र डॉक्टरांच्या तोंडून घाईघाईत निसटतो, आणि औषधाचे यश तर जवळजवळ संपूर्णपणे त्या उत्तरार्धावरच अवलंबून असते.

ही भुकटी पोटात जाऊन काय करते, हे एकदा नीट ध्यानात आले की मात्रेचा हिशेब आपोआप उलगडतो. पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा रेणू लांबलचक साखळीचा असतो. डब्यावर ३३५० किंवा ४००० असा जो आकडा छापलेला असतो, तो त्या साखळीच्या सरासरी रेणुभाराचा निदर्शक होय. एवढा मोठा रेणू आतड्याच्या भिंतीतून रक्तात फारसा शिरत नाही आणि आतड्यातील जंतूंनाही त्याचे विघटन करता येत नाही. म्हणून लॅक्टुलोजच्या पाकाने जसा पोटात वायू धरतो, तसा याने सहसा धरत नाही. साखळीच्या अंगाखांद्यावर पाण्याचे रेणू बांधलेले राहतात आणि मोठ्या आतड्याने एरवी शोषून घेतले असते ते पाणी मळातच राहून मळ मऊ होतो. आपल्या घरांत पूर्वी रविवारी सकाळी सक्तीने पाजले जाणारे एरंडेल आतड्याला चाबूक मारून पळविते. ही भुकटी आतड्यावर असा कोणताही जुलूम करीत नाही. तिचा परिणाम दिसायला एक ते तीन दिवस लागतात, आणि तो घातलेल्या ग्रॅमांच्या प्रमाणात कमीजास्त होतो. मात्रा बारकाईने जुळविता येते आणि ती घाईघाईने बदलू नये, या दोन्ही गोष्टींचे मूळ येथेच आहे.

किलोमागे ०.४ हा आकडा कोठून आला, याची हकीकत उद्‌बोधक आहे. अमेरिकेतील आयोवा येथील पाशणकर आणि बिशप या वैद्यद्वयाने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दीर्घकाळ मलावरोध असलेल्या २४ मुलांना किलोमागे १ ग्रॅमने आरंभ करून आठ आठवडे औषध दिले, आणि दिवसाला दोन मऊ शौच व्हावेत असे उद्दिष्ट डोळ्यांपुढे ठेवून दर तीन दिवसांनी मात्रा फिरविली. शेवटी स्थिरावलेली सरासरी मात्रा किलोमागे ०.८४ ग्रॅम निघाली, परंतु मला त्या सरासरीपेक्षा तिच्या दोन टोकांचे अधिक महत्त्व वाटते. एका मुलाला ०.२७ ग्रॅम पुरले, तर दुसऱ्याला १.४२ ग्रॅम लागले. म्हणजे वजनाचा भागाकार करून झाल्यावरही मुलामुलांत पाच पटींचे अंतर उरले. पुढे २००८ साली बोस्टनचे सॅम्युअल नुर्को आणि त्यांचे सहकारी यांनी १०३ मुलांत ०.२, ०.४ आणि ०.८ या तीन मात्रा एका निष्क्रिय भुकटीशी ताडून पाहिल्या. दोन आठवड्यांच्या त्या प्रयोगात निष्क्रिय भुकटी घेणाऱ्यांपैकी शेकडा ४२ मुलांना गुण आला आणि औषधाच्या तिन्ही गटांत तेच प्रमाण शेकडा ७३ ते ७७ इतके भरले. मात्रा चौपट केल्याने यश वाढले नाही, पोटदुखी व पातळ शौचासारखे त्रास मात्र मात्रेबरोबर वाढत गेले. तेव्हा मधली ०.४ ही मात्रा आरंभासाठी योग्य ठरली. हे दोन अभ्यास परस्परविरुद्ध वाटतात खरे, पण एकाने दिवसाला दोन मऊ शौचांचे उद्दिष्ट ठेवले होते आणि दुसऱ्याने आठवड्यात तीन शौच झाले की गुण आला असे मानले होते, हे लक्षात घेतले की विरोध पुष्कळसा मावळतो. आकड्यामागे कोणते उद्दिष्ट गृहीत धरले आहे हे विचारल्याशिवाय आकडा स्वीकारू नये.

परंतु ०.४ ची मात्रा ज्या पोटासाठी सांगितली आहे, ते पोट आधी मोकळे असावे लागते, आणि घरोघर जी फसगत होते ती बहुधा येथेच. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला एकदा कधीतरी खडा होऊन शौचाच्या वेळी वेदना होते, त्या भीतीने ते पुढच्या वेळी शौच दाबून धरते, पाय आवळून, टाचा उचलून, भिंतीला टेकून उभे राहते, आणि आईला वाटते की ते कुंथत आहे, वस्तुतः ते रोखत असते. रोखलेला मळ गुदाशयात साठतो, वाळतो, मोठा होतो. गुदाशय ताणला जाऊन त्याची जाणीव बोथट होते, आणि मग वरून आलेला पातळ मळ त्या घट्ट गोळ्याच्या कडेने झिरपून मुलाच्या नकळत चड्डीत उतरतो. "याला बद्धकोष्ठ कसलं, डॉक्टर, याची चड्डी तर रोज दोनदा भरते," असे म्हणणारी आई खोटे बोलत नसते. तिला जे दिसते तेच ती सांगते. अशा भरलेल्या कोठ्यावर नित्याची लहान मात्रा सुरू केली तर गोळा जागचा हालत नाही, झिरपणे मात्र वाढते, घरचे लोक त्याला जुलाब समजून औषध बंद करतात, आणि औषध लागू पडत नाही असा शिक्का त्यावर कायमचा बसतो.

म्हणून प्रथम कोठा साफ करण्याची तजवीज करावी लागते, आणि तिची मात्रा वेगळी आहे. ती किलोमागे दररोज १ ते १.५ ग्रॅम असून तीन ते सहा दिवस द्यावयाची असते. या मात्रेलाही आधार आहे. युसुफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली ४० मुलांना ०.२५, ०.५, १ आणि १.५ अशा चार मात्रा तीन दिवस दिल्या, तेव्हा वरच्या दोन मात्रांत शेकडा ९५ मुलांचा कोठा साफ झाला, खालच्या दोहोंत शेकडा ५५ मुलांचा. गुदद्वारातून एनिमा देऊनही हे काम होते, आणि ॲमस्टरडॅम येथे २००९ साली झालेल्या तुलनेत दोन्ही पद्धतींच्या यशात अर्थपूर्ण असा फरक आढळला नाही. पण ज्या मुलाच्या साऱ्या दुखण्याचे मूळच गुदद्वाराच्या भीतीत आहे, त्याच्या त्याच जागी नळी घालण्यापेक्षा पेल्यातून औषध देणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. तोंडाने दिलेल्या औषधाच्या त्या दिवसांत चड्डी अधिक खराब होते, हे मात्र आधीच सांगून ठेवावे.

हा सगळा हिशेब एका मुलावर करून पाहू. मुलगा पाच वर्षांचा आणि वजन १६ किलो आहे असे समजू. चार-पाच दिवसांनी एकदा, तोही रडारड होऊन, संडास तुंबेल एवढा मोठा शौच त्याला होतो. मधल्या दिवसांत चड्डीला डाग पडतात, आणि डॉक्टरांनी पोट चाचपल्यावर बेंबीच्या खाली डाव्या बाजूस गोळा लागतो. जन्मानंतर पहिला काळा मळ ४८ तासांच्या आत झालेला आहे, वजन नीट वाढत आहे, पाठीच्या खालच्या टोकाशी खळगा किंवा केसांचा झुबका नाही, चालणे ठीक आहे, हिरवी उलटी कधी झालेली नाही. यांपैकी एखादी गोष्ट जरी उलट असती, तर भुकटीपूर्वी तपासणी आवश्यक ठरली असती, कारण आतड्याच्या टोकाशी मज्जापेशी नसण्याचा जो जन्मजात विकार हिर्शस्प्रुंग यांच्या नावाने ओळखला जातो, त्यात मात्रा कितीही वाढवून मूळ अडथळा दूर होत नाही.

कोठा साफ करण्यासाठी किलोमागे १.२५ ग्रॅम धरले तर १६ किलोला रोज २० ग्रॅम होतात. एवढी भुकटी दोन पेले पाण्यात किंवा मुलाला आवडणाऱ्या सरबतात विरघळवून सकाळी अर्धी आणि दुपारी अर्धी द्यावी, म्हणजे रात्रीची झोप मोडत नाही. हे दिवस शाळेच्या सुटीत काढावेत, मुलाला संडास जवळ असेल तेथेच ठेवावे आणि पेला एका दमात रिकामा व्हावा असा हट्ट धरू नये, तासाभरात थोडा थोडा संपला तरी चालतो. पहिल्या दोन दिवशी बहुधा थोडा पातळ मळच येतो आणि घरात धास्ती पसरते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खडे, मग मोठमोठे तुकडे बाहेर पडतात, आणि शेवटी गढूळ पाण्यासारखा, गाठी नसलेला शौच होऊ लागला व पोटातील गोळा हाताला लागेनासा झाला की काम झाले असे समजावे. आपल्या मुलाला हे पाचव्या दिवशी साधले असे धरू. सहा दिवस उलटूनही गोळा तसाच असेल, किंवा मध्येच उलट्या होऊ लागल्या, पोट फुगून ताठ झाले, तर घरी आणखी भुकटी न देता डॉक्टरांना गाठावे.

दुसऱ्याच दिवसापासून, एकही दिवस मध्ये न सोडता, नित्याची मात्रा सुरू होते. ०.४ गुणिले १६ म्हणजे ६.४ ग्रॅम. आता स्वयंपाकघरातील चमचा हा ग्रॅमांचा भरवशाचा साक्षीदार नव्हे. डब्याबरोबर माप आले असेल तर तेच वापरावे. १७ ग्रॅमची पुडी मिळत असेल तर ती २४० मिलिलिटर पाण्यात पूर्ण विरघळवून त्यातील ९० मिलिलिटर द्यावे, म्हणजे जवळजवळ ६.४ ग्रॅम जातात, आणि उरलेले झाकून शीतकपाटात ठेवून एका दिवसात संपवावे अगर टाकून द्यावे. पुड्यांच्या बाबतीत एक खबरदारी आवश्यक आहे. काही पुड्यांत क्षारही मिसळलेले असतात आणि त्यांत भुकटीचे वजन निराळे असते, १३ ग्रॅमच्या आसपास किंवा लहान मुलांच्या पुडीत त्याच्या निम्मे. आणि दुर्बिणीने आतडे तपासण्यापूर्वी लिटरभराहून अधिक पाण्यात घोळून प्यावयाचे जे मोठे पाकीट औषधाच्या दुकानात मिळते, ते तर वेगळ्याच कामाचे. तेव्हा पुडीवरचा आकडा वाचल्याशिवाय पुडी मोजू नये, ग्रॅम मोजावेत.

पहिल्या आठवड्यात आपल्या मुलाला एक दिवसाआड शौच होऊ लागला, पण तो घट्ट, भेगा पडलेला, आणि मूल अजून थोडे आवळते आहे. याचा अर्थ मात्रा अपुरी आहे. वाढवायची ती एका वेळी सुमारे चतुर्थांशाने, म्हणजे १.६ ग्रॅम घालून ८ ग्रॅम, किलोमागे ०.५. आणि नंतर किमान तीन दिवस काहीही बदलू नये, कारण आज दिलेल्या भुकटीचे फळ परवा दिसते, आणि रोज सकाळी कालच्या शौचाकडे पाहून मात्रा फिरविणारे पालक आठवडाभरात कधी मलावरोध तर कधी जुलाब अशा झोक्यावर बसतात. तीन दिवसांनी शौच रोज एकदा, केळ्यासारखा लांबट व मऊ होऊ लागला, तर ८ ग्रॅम ही या मुलाची मात्रा. याच रीतीने पातळ शौच दिवसातून तीन-चार वेळा होऊ लागला तर तेवढ्याच चतुर्थांशाने उतरावे, आणि ०.८ पर्यंत, म्हणजे येथे १२.८ ग्रॅमपर्यंत, चढूनही खडे राहिले तर आणखी चढण्यापूर्वी कोठा पुन्हा भरला आहे काय हे चाचपून पाहावे. बहुतेक वेळा तो भरलेला असतो, आणि मग मोठ्या मात्रेचे ते दिवस पुन्हा काढण्यावाचून गत्यंतर नसते.

शौचाच्या स्वरूपाची नोंद ठेवण्यासाठी ब्रिस्टल येथे तयार झालेला सात प्रकारांचा तक्ता वापरतात. त्यात पहिला प्रकार सुटे खडे, चौथा मऊ लांबट आणि सातवा निव्वळ पाणी. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तारखेखाली केवळ तो अंक आणि दिलेले ग्रॅम लिहून ठेवले तरी महिन्याचे दप्तर तयार होते आणि डॉक्टरांना पाच मिनिटांत सगळी कैफियत कळते. केवळ "बरं आहे" किंवा "तसंच आहे" यावर मात्रा ठरविणे हा डॉक्टरांवरही अन्याय आहे.

येथे पातळ शौचाचा अर्थ लावताना थोडे थांबावे लागते, कारण एकाच लक्षणाची तीन भिन्न कारणे असू शकतात. सगळा शौच मऊ-पातळ आहे, पोट मोकळे आहे, मूल आनंदी आहे, तर मात्रा जास्त. थोडा थोडा मळ चड्डीत लागतो, मोठा शौच मात्र कित्येक दिवस नाही, तर कोठा पुन्हा भरला, आणि येथे मात्रा कमी करणे हा नेमका उलटा उपाय ठरतो. ताप, उलटी व एकाएकी सुरू झालेले जुलाब असतील, तर ते पोटाचे साधे आजारपण. त्या दिवसांत भुकटी थांबवून जलसंजीवनी द्यावी आणि जुलाब ओसरताच आधीच्याच मात्रेवर परतावे. या तिसऱ्या प्रसंगानंतर भुकटी पुन्हा सुरू करण्याचे राहून जाते आणि तीन आठवड्यांत सारे मूळपदावर येते, असे वारंवार घडते.

आजीच्या मनात येणारा प्रश्न योग्यच आहे: एवढे महिने रासायनिक भुकटी पोटात जाऊन मुलाला तिची सवय लागेल काय? आतड्याला उत्तेजित न करता केवळ पाणी धरून ठेवणाऱ्या द्रव्याने आतडे आळशी होते, असा पुरावा नाही. सवय लागलेली असते ती रोखून धरण्याची, आणि ती सुटायला वेळ लागतो. इंजिन गार ठेवण्याच्या द्रवातील एथिलीन ग्लायकॉल हे विष आणि ही भुकटी यांत नावाखेरीज व्यवहारतः साम्य नाही, तरीही अमेरिकेत काही पालकांनी वर्तनातील बदलांच्या तक्रारी केल्यावर तेथील सरकारी औषध-प्रशासनाने २०१४ साली त्यावर संशोधन करविण्यासाठी निधी दिला, हे सांगणे रास्त आहे. त्याच देशात या औषधाच्या वेष्टनावरील मात्रा सतरा वर्षे व त्यावरील वयासाठीच दिलेली आहे, तरीही मुलांत ते डॉक्टरांच्या जबाबदारीवर सर्रास वापरले जाते. सहा महिन्यांखालील बालकाला मात्र ते स्वतःहून देऊ नये. गिळण्याचा दोष असून ज्यांचे पाणी पिठूळ भुकटीने मुद्दाम घट्ट केले जाते, अशा मुलांच्या बाबतीत विशेष धोका असा की, ही भुकटी मिसळताच ते घट्ट पाणी पुन्हा पातळ होते आणि श्वासनलिकेत उतरू शकते.

औषधाच्या जोडीला दुसरी फारशी तजवीज लागत नाही. जेवणानंतर आतड्याची हालचाल स्वाभाविकपणे वाढते, तिचा फायदा घेऊन दुपारी व रात्री जेवल्यावर पाच-दहा मिनिटे बसविणे, आणि कमोड असेल तर पाय टेकतील असे पाट किंवा स्टूल खाली देणे, एवढे पुष्कळ झाले. भारतीय बैठकीच्या संडासात ही सोय आपोआपच असते. वयाला साजेसे पाणी व भाजी-फळे असावीत, पण पाण्याचे पेलेच्या पेले पाजून किंवा कोंडा खाऊ घालून भरलेला कोठा सुटतो, हा समज २०१४ च्या मार्गदर्शिकेने मान्य केलेला नाही.

आता मुदतीचा प्रश्न. मार्गदर्शिकेप्रमाणे नित्याची मात्रा किमान दोन महिने चालवावी, त्यातील शेवटचा निदान एक महिना कोणताही त्रास नसावा, आणि मगच हळूहळू उतरावे. शौचाची सवय लावण्याचे वय चालू असेल तर ती पूर्ण लागेपर्यंत औषध थांबवू नये. व्यवहारात दोन महिने हा आकडा बहुतेक मुलांना तोकडा पडतो, कारण ताणलेला गुदाशय पूर्वीच्या आकाराला येण्यास आणि मुलाच्या मनातील वेदनेची आठवण पुसण्यास अनेक महिने लागतात. आपल्या मुलाने ८ ग्रॅमवर पाच महिने रोज मऊ शौच केला, चड्डी स्वच्छ राहिली, आणि संडासात जायला ते स्वतःहून सांगू लागले, तर दोन ग्रॅमने उतरावे: ६ ग्रॅमवर तीन-चार आठवडे, मग ४, मग २, मग बंद. उतरताना कोठल्याही पायरीवर तीन दिवस शौच झाला नाही किंवा पुन्हा खडा आला, तर शेवटची सुखाची पायरी गाठून तेथे आणखी एक महिना राहावे. या काळात मूल वाढत असते हेही विसरू नये. १६ किलोचे मूल १८ किलोचे झाले, तर तेच ८ ग्रॅम किलोमागे ०.५ वरून सुमारे ०.४४ वर आलेले असतात, म्हणजे मात्रेला हात न लावताच ती थोडी उतरलेली असते. तेव्हा वजन वाढले म्हणून ग्रॅम वाढवू नयेत. शौच मऊ आहे तोवर तेच ग्रॅम ठेवावेत, आणि दर तपासणीला वजन, ग्रॅम व किलोमागे येणारा भागाकार हे तीन आकडे एका ओळीत लिहून घ्यावेत.